नॅस म्हणजे मोठा पेन ड्राइव्ह का नव्हे?

तुळशीचं लग्न लागलं की सांगोला तालुक्यातल्या मंगल कार्यालयांच्या तारखा भरू लागतात आणि त्यापाठोपाठ फोटो स्टुडिओंतल्या हार्ड डिस्कही. हळदीपासून पाठवणीपर्यंतचं सगळं टिपून ठेवायचं, अल्बम होईपर्यंत जपायचं, आणि वर्षभराने कुणी 'तेवढी आजीची क्लिप सापडेल का?' म्हणून आलं तर काढूनही द्यायचं. अशा स्टुडिओला पडणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या स्टुडिओत तीन संगणक आहेत. एकावर अल्बम होतो, दुसऱ्यावर व्हिडिओ एडिटिंग, तिसरा काउंटरवर. आम्ही पेन ड्राइव्ह आणि हार्ड डिस्क या टेबलावरून त्या टेबलावर फिरवतो. दुकानदार म्हणाला, नॅस घ्या. किंमत विचारली तर कळलं की एवढ्या पैशांत नुसता डबा मिळतो, आत डिस्क नाहीच! मग त्यापेक्षा आठ टीबीची एक मोठी हार्ड डिस्क का घेऊ नये? शेवटी नॅस म्हणजे मोठा पेन ड्राइव्हच ना?

डिस्कशिवायच्या डब्याला एवढे पैसे का पडतात, यातच उत्तराची अर्धी बाजू आली. तुम्ही साठवणुकीची जागा विकत घेत नाही, संगणक विकत घेता. नॅसच्या डब्यात प्रोसेसर असतो, रॅम असते, स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम असते. बहुतेक कंपन्यांच्या डब्यांत ती लिनक्सवर बांधलेली असते. त्याला पडदा आणि कीबोर्ड नसतो, एवढंच. तो राउटरला किंवा स्विचला केबलने जोडतात आणि त्याच्याशी ब्राउझरमधून बोलतात.

पेन ड्राइव्हमध्ये असं काही नसतं. त्यात मेमरी चिप आणि ती हाताळणारी एक छोटी कंट्रोलर चिप असते. त्या कंट्रोलरला फाइल म्हणजे काय हे ठाऊक नसतं. त्याला फक्त 'अमुक नंबरच्या खणात हे लिही, तमुक नंबरचा खण वाचून दे' एवढंच कळतं. कोणती फाइल कोणत्या खणांत आहे, कोणते खण रिकामे आहेत, हा सगळा हिशेब ज्या संगणकाला पेन ड्राइव्ह लावला तो संगणक सांभाळतो. या हिशेबाच्या पद्धतीला फाइल सिस्टीम म्हणतात. पेन ड्राइव्हवर ती बहुधा एक्सफॅट किंवा फॅट३२ असते.

नॅसमध्ये हिशेब नॅस स्वतः सांभाळतो. तुमचा संगणक त्याला खणाचा नंबर सांगत नाही. तो म्हणतो, 'एप्रिलच्या फोल्डरमधली हळदीची तिसरी क्लिप दे.' अडतीच्या दुकानात खतावणी दिवाणजीच्याच हातात असते. शेतकरी, व्यापारी, हमाल सगळे त्याला विचारतात, पण वहीत लिहितो तो एकटाच. नॅस हा तो दिवाणजी आहे. पेन ड्राइव्ह म्हणजे नुसती वही, ज्याच्या हातात जाईल त्याने लिहावी.

नॅस आणि पेन ड्राइव्ह यांच्यात जे जे फरक पुढे दिसतील, ते सगळे या एका गोष्टीतून निघतात : हिशेब कोणाकडे?

प्रश्न : पण विंडोजमध्ये तर तो `Z:` असा ड्राइव्हच दिसतो. उघडला की फोल्डर, फाइली. पेन ड्राइव्हसारखंच की!

दिसायला तसंच असतं, आणि ते मुद्दाम केलेलं आहे. विंडोज `\\192.168.1.50\Lagn` अशा पत्त्याला `Z:` हे अक्षर देतं, म्हणजे तुम्हाला नवं काही शिकावं लागत नाही. पण दोन मिनिटांत खातरजमा करता येते. पेन ड्राइव्हवर राइट क्लिक केलं की `Format` हा पर्याय दिसतो. `Z:` वर केलं तर तो दिसतच नाही. `chkdsk Z:` म्हणून तपासणी करायला गेलात तर नेटवर्कवरचा ड्राइव्ह तपासता येत नाही असं सांगून विंडोज नकार देतं. कारण डिस्क विंडोजच्या ताब्यात नाही. विंडोजला दिसतात त्या फक्त नॅसने दाखवलेल्या फाइली.

हा संवाद ज्या ठरलेल्या पद्धतीने होतो तिला एसएमबी म्हणतात. विंडोज, मॅक, लिनक्स, मोबाइल, स्मार्ट टीव्ही असे सगळे ती बोलू शकतात. म्हणून नॅसच्या आतली डिस्क कुठल्या फाइल सिस्टीमची आहे, याच्याशी समोरच्या संगणकाला देणंघेणं नसतं. पेन ड्राइव्ह फॅट३२ चा असेल तर चार जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर मावत नाही, हा अनुभव व्हिडिओ करणाऱ्या प्रत्येकाला असतो. पेन ड्राइव्हची फाइल सिस्टीम लावणाऱ्या संगणकाला कळावी लागते. नॅसला फक्त विचारता यावं लागतं.

यावरून आणखी एक शंका फिटते. अनेक जण नॅसला यूएसबीचं छिद्र बघून त्यातून केबल काढतात आणि लॅपटॉपला जोडतात. काहीच होत नाही. कारण यूएसबीत एक मालक आणि एक अंकित असा संबंध असतो, आणि इथे दोन्ही टोकांना मालकच आहेत, दोन्ही संगणक. नॅसचं ते छिद्र त्याला स्वतःला पेन ड्राइव्ह, हार्ड डिस्क किंवा यूपीएस जोडता यावा म्हणून असतं.

उलटही करून बघता येतं. बऱ्याच राउटरला यूएसबीचं छिद्र असतं. त्यात तुमचाच जुना पेन ड्राइव्ह लावला आणि राउटरच्या पानावर शेअरिंग चालू केलं, तर तो पेन ड्राइव्ह तिन्ही संगणकांवर दिसू लागतो. पेन ड्राइव्ह तोच, आकार तोच. पण हिशेब आता राउटरकडे गेला, म्हणून तो एक लंगडा का होईना नॅस झाला. राउटरचा प्रोसेसर दुबळा असल्यामुळे वेग कमी आणि डिस्क बिघडली तर आधार काही नाही, ही त्याची मर्यादा. पण फरक आकाराचा नाही, हे यातून पक्कं कळतं.

प्रश्न : म्हणजे तिघांनी एकाच वेळी एकाच फाइलवर काम केलं तरी चालेल?

तिघांनी एकाच वेळी एकाच नॅसवर काम केलं तर चालेल. एकाच फाइलवर म्हणाल तर ते त्या सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे. इथे थोडं थांबायला हवं.

एक पेन ड्राइव्ह एकाच वेळी दोन संगणकांना लावता आला असता, तर काय झालं असतं याची कल्पना करा. पहिल्या संगणकाने रिकाम्या खणांची यादी वाचून स्वतःच्या मेमरीत ठेवली. दुसऱ्यानेही तीच ठेवली. पहिल्याने रिकाम्या खणात फोटो लिहिला. दुसऱ्याला ते माहीतच नाही, त्याने त्याच खणात व्हिडिओ लिहिला. दोघांची यादी चूक आणि दोन्ही फाइली खराब. नॅसमध्ये यादी एकाच ठिकाणी असल्याने असं होत नाही. तिघांच्या मागण्या तो रांगेत लावतो.

पण हा हिशेब खणांचा झाला. फाइलीच्या आत काय चाललंय, हे नॅसला कळत नाही. एक्सेलची फाइल काउंटरवर उघडी असेल आणि दुसऱ्याने उघडली, तर ती दुसऱ्या कुणाकडे उघडी असल्याचा इशारा येतो आणि ती फक्त वाचण्यापुरती मिळते. हे कुलूप एक्सेल मागतं आणि नॅस लावून देतो. सगळी सॉफ्टवेअर असं कुलूप मागत नाहीत. जिथे मागत नाहीत तिथे दोघांनी अल्बमचं एकच पान उघडलं, तर ज्याने शेवटी सेव्ह केलं त्याचं काम राहतं, दुसऱ्याचं जातं. म्हणून पानं वाटून घ्यायची शिस्त नॅस आल्यावरही लागतेच.

तुमच्या धंद्यातलंच एक उदाहरण घ्या. लाइटरूम क्लासिकचा कॅटलॉग पेन ड्राइव्हवर ठेवला तर उघडतो. तोच कॅटलॉग नॅसवर ठेवून उघडायला गेलात, तर लाइटरूम सरळ नकार देतं. फोटो नॅसवर ठेवलेले चालतात, कॅटलॉग चालत नाही. कारण कॅटलॉग हा एसक्यूलाइट प्रकारचा डेटाबेस आहे. तो सेकंदाला अनेक वेळा बारीक बारीक नोंदी करतो आणि प्रत्येक नोंदीआधी 'आता दुसरं कुणी लिहीत नाही ना' याची हमी मागतो. जोडलेल्या डिस्कवर ही हमी त्याच संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम देते. नेटवर्कवरून ती तितकी भरवशाची मिळत नाही, आणि एखादी नोंद अर्धवट राहिली तर सगळा कॅटलॉग बिघडू शकतो. लाइटरूम बनवणाऱ्यांनी हा धोका ओळखून दारच बंद केलं. तेव्हा कॅटलॉग त्या त्या संगणकाच्या आतल्या एसएसडीवर, मूळ फोटो नॅसवर, आणि कॅटलॉगची रोजची प्रत नॅसवर अशी वाटणी करा.

प्रश्न : वेगाचं काय? पेन ड्राइव्ह लावला की लगेच कॉपी होते. नॅस हळू असतो म्हणतात.

हळू असतो की नाही, हे बहुतेक वेळा नॅस ठरवत नाही. रस्ता ठरवतो. एका लग्नाचा हिशेब करू. अडीच हजार रॉ फोटो, प्रत्येकी साधारण २५ एमबी, म्हणजे सुमारे ६० जीबी. चार तासांचा फोर-के व्हिडिओ, सेकंदाला १०० मेगाबिटने, म्हणजे तासाला ४५ जीबी आणि चार तासांचे १८० जीबी. एका लग्नाचे एकूण २४० जीबी.

आता रस्ता. नॅस आणि संगणक गिगाबिट स्विचला चांगल्या केबलने जोडलेले असतील, तर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास वेग मिळतो. २४० जीबी उतरायला ३६ ते ३७ मिनिटं लागतात. पण मध्ये जुना १०० मेगाबिटचा स्विच आला, तर वेग ११ एमबीवर येतो आणि तेच काम सहा तासांचं होतं. स्विच नवा असूनही असं होतं, कारण केबल. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात. १०० मेगाबिट चार तारांवर चालतं. क्लिप नीट न दाबलेल्या केबलची एखादी तार सुटली, तर दोन्ही टोकं काहीही न बोलता १०० वर उतरतात. इंटरनेट चालू, फोल्डर उघडतो, म्हणून कुणाला संशयही येत नाही.

हे ओळखायचं कसं? विंडोजमध्ये पॉवरशेल उघडून इतकंच टाइप करा :

```
Get-NetAdapter | Select Name, LinkSpeed
```

इथरनेटपुढे `1 Gbps` दिसलं तर रस्ता मोकळा आहे. `100 Mbps` दिसलं तर आधी केबल बदला, मग स्विच बघा, नॅसला दोष शेवटी द्या. वाय-फायवरून फोटो बघणं ठीक आहे. पण लग्न उतरवायचं काम केबलवरूनच करा.

मात्र एकट्याने, एका संगणकावर, यूएसबीला लावलेल्या एसएसडीवर एडिटिंग करायचं असेल, तर ती गिगाबिटच्या नॅसपेक्षा कितीतरी वेगवान असते. पेन ड्राइव्हच्या जातीची साधनं इथे जिंकतात, आणि ते मान्य करायला हवं. चालू असलेलं लग्न एसएसडीवर, संपलेलं लग्न नॅसवर, अशी रीत अनेक एडिटर पाळतात ती याचसाठी.

प्रश्न : आमच्याकडे लाइट केव्हा जाईल याचा नेम नाही. नॅसला त्याचं काही होतं का?

होतं, आणि सांगोल्यासारख्या ठिकाणी हाच प्रश्न वेगाच्या आधी विचारायला हवा.

विंडोजवर कॉपीची पट्टी पूर्ण झाली की आपल्याला वाटतं, फाइल डिस्कवर गेली. प्रत्यक्षात ती नॅसच्या रॅममध्ये पोहोचलेली असते, आणि नॅस ती सवडीने डिस्कवर उतरवतो. त्यामुळेच वेग मिळतो. पण नेमक्या त्या सेकंदांत लाइट गेली, तर रॅममधलं गेलं. नॅसच्या फाइल सिस्टीमला एक नोंदवही असते; ती फोल्डरांची रचना बहुधा वाचवते, पण न लिहिलेला मजकूर परत आणू शकत नाही. शिवाय दोन डिस्कांवर एकच मजकूर लिहिला जात असेल, तर एकीवर लिहून झालं आणि दुसरीवर व्हायचं होतं अशी स्थिती येते. मग लाइट आल्यावर नॅस दोन्ही डिस्क पडताळून एकसारख्या करत बसतो आणि तासन्‌तास मंद चालतो.

पेन ड्राइव्ह न सांगता उपटला तरी असंच नुकसान होतं, म्हणून तर 'सेफली रिमूव्ह' असतं. फरक असा की पेन ड्राइव्ह कामापुरता लावायचा असतो आणि नॅस रात्रंदिवस चालू. त्यामुळे त्याच्या वाट्याला प्रत्येक वेळची लाइट जाणं येतं.

इन्व्हर्टर आहेच, असं तुम्ही म्हणाल. इन्व्हर्टर वेळ वाढवून देतो, सूचना देत नाही. बॅटरी संपली की नॅस तसाच झटक्यात बंद पडतो. यासाठी डेटा पोर्ट असलेला छोटा यूपीएस लागतो. त्याची यूएसबी केबल नॅसला जोडली की लाइट गेल्याचं आणि बॅटरी किती उरल्याचं यूपीएस नॅसला कळवतो. पाच मिनिटांत लाइट आली नाही तर सगळं लिहून काढून स्वतः बंद हो, असं नॅसमध्ये ठरवून ठेवता येतं. दोन डिस्कांचा नॅस चालताना साधारण २० वॅटच्या आसपास वीज घेतो, त्यामुळे मोठा यूपीएस लागत नाही. पण स्वस्त यूपीएसना बऱ्याचदा डेटा पोर्टच नसतो. खोक्याच्या मागे बघून मगच घ्या. पेन ड्राइव्हला असं काही कळवून उपयोग नाही. कळून निर्णय घेणारा संगणक त्यात नाहीच.

विजेइतकाच उन्हाळा महत्त्वाचा. दोन डिस्कांच्या घरगुती नॅससाठी कंपन्या खोलीचं तापमान साधारण शून्य ते ४० अंश एवढंच सांगतात. मे महिन्यात सोलापूर जिल्ह्यात बाहेर पारा ४० च्या वर जातो, आणि पत्र्याच्या छताखाली शटर ओढलेल्या गाळ्यात त्याहून जास्त. पेन ड्राइव्ह खणात थंड पडून राहतो. नॅसच्या डिस्क फिरत असतात आणि स्वतःची उष्णता निर्माण करतात. नॅसच्या पानावर प्रत्येक डिस्कचं तापमान दिसतं. ते दुपारी ५० च्या वर राहत असेल, तर डबा बंद कपाटातून बाहेर काढा, पंख्याच्या जाळीवरची धूळ पुसा आणि पत्र्यापासून दूर, खालच्या फळीवर ठेवा.

प्रश्न : नॅसमध्ये दोन डिस्क असतात, एक बिघडली तरी दुसरी असते. म्हणजे बॅकअपची चिंता मिटली?

नाही. नॅस घेणाऱ्यांची सर्वांत महाग फसगत इथेच होते.

दोन डिस्कांवर एकाच वेळी तेच लिहायचं, या मांडणीला रेड-१ म्हणतात. आठ-आठ टीबीच्या दोन डिस्क घातल्या तर वापरायला मिळतात आठच. रेड ही कल्पना १९८८ मध्ये बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी एका निबंधात मांडली. एका मोठ्या महाग डिस्कऐवजी अनेक छोट्या स्वस्त डिस्क वापरायच्या, हा त्यामागचा हेतू होता. डिस्क जितक्या जास्त, तितकी एखादी बिघडण्याची शक्यता जास्त. म्हणून एक गेली तरी काम थांबू नये अशी तजवीज त्यांनी केली. 'काम थांबू नये' हे तिचं उद्दिष्ट आहे. जुनं परत मिळावं, हे नाही.

म्हणजे काउंटरवरच्या मुलाने चुकून एका लग्नाचा फोल्डर डिलीट केला, तर तो त्याच क्षणी दोन्ही डिस्कांवरून जातो. नॅसने इमानेइतबारे दोन्हीकडे तेच केलं. एखाद्या संगणकात रॅन्समवेअर शिरलं, तर ते `Z:` वरच्या फाइलीही कुलूपबंद करतं, आणि दोन्ही डिस्कांवर कुलूपबंद फाइलीच उरतात. वळवाच्या पावसात वीज पडून केबलमधून झटका आला किंवा चोराने डबाच उचलला, तर दोन्ही डिस्क एकत्रच जातात.

इथे नॅस संगणक असल्याचा फायदा मात्र होतो. त्याची स्वतःची कचरापेटी चालू करता येते. सिनॉलॉजीच्या डब्यात ती `#recycle` नावाने दिसते. त्याहून चांगली सोय म्हणजे स्नॅपशॉट : नॅस ठरावीक वेळी सगळ्या फाइलींची त्या क्षणाची स्थिती गोठवून ठेवतो. पूर्ण नक्कल करत नाही, नंतर जे बदललं त्याचे जुने खण तेवढे राखून ठेवतो, म्हणून जागा कमी लागते. रोज रात्रीचा स्नॅपशॉट असेल, तर दुपारी उडालेला फोल्डर संध्याकाळी परत आणता येतो. यासाठी बहुधा बीटीआरएफएस किंवा झेडएफएस फाइल सिस्टीम लागते. प्रत्येक स्वस्त डब्यात ही सोय मिळत नाही, तेव्हा घेण्याआधी विचारा.

स्नॅपशॉटही त्याच डब्यात असतो, म्हणून बाहेर एक प्रत हवीच. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी, हा नियम अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रुळवला; तुमच्याच व्यवसायातल्या माणसाने. त्याचं सांगोल्यातलं रूप साधं आहे. एक प्रत नॅसवर. नॅसच्या यूएसबीला दर आठवड्याला एक मोठी हार्ड डिस्क लावायची, प्रत उतरली की काढून घरी न्यायची. शक्य असेल तर तशीच दुसरी डिस्क पंढरपूरला नातेवाइकांकडे, आणि दोन्ही आलटून पालटून. आणि महिन्यातून एकदा त्या डिस्कवरून एखादं जुनं लग्न खरंच उघडून बघायचं. न उघडलेली प्रत आहे की नाही, हे गरज पडेपर्यंत कळत नाही.

प्रश्न : एक डिस्क बिघडली तर कळणार कसं? आणि डबाच बिघडला तर डिस्क काढून लॅपटॉपला लावता येईल ना?

पहिल्याचं उत्तर : नॅस पुढचा दिवा नारिंगी करतो, बीप वाजवतो, ठेवलेल्या ईमेलवर कळवतो. गंमत अशी की फाइली उघडत राहतात, कारण दुसरी डिस्क काम ओढते. त्यामुळे 'बीप बंद करून टाक, चालतंय ना' असं म्हणून लोक महिनोन्‌महिने एका डिस्कवर राहतात. मग दुसरी जाते तेव्हा सगळं जातं. नवी डिस्क घातल्यावर नॅस शिल्लक डिस्क पूर्ण वाचून नवीवर उतरवतो. आठ टीबीला, सेकंदाला १५० एमबी धरले तरी, १५ तास लागतात, आणि काम चालू असेल तर जास्त. या काळात मजकूर एकाच डिस्कवर असतो, म्हणून हे काम सुरू करण्याआधी बाहेरची प्रत ताजी करून घ्यायची आणि यूपीएस जोडलेला आहे ना ते बघायचं.

दुसऱ्याचं उत्तर : डिस्क लॅपटॉपला जोडता येते, पण विंडोज ती वाचू शकत नाही. आतली फाइल सिस्टीम लिनक्सची, तिच्याखाली रेडची मांडणी. विंडोजला ती अनोळखी पार्टिशनं वाटतात. काही वेळा विंडोज डिस्क इनिशियलाइज किंवा फॉरमॅट करू का असं विचारतं. तिथे 'हो' म्हणू नका. डबा गेला असेल तर त्याच कंपनीच्या, चालू शकणाऱ्या मॉडेलमध्ये डिस्क त्याच क्रमाने घालायच्या, किंवा लिनक्स जाणणाऱ्या माणसाकडून वाचून घ्यायच्या. मजकूर बहुधा शाबूत असतो. खतावणी कुठल्या लिपीत लिहिली आहे, ते जाणणारा मात्र हवा.

प्रश्न : नॅस घेतला तर बाहेरगावाहून मोबाइलवर फोटो दाखवता येतील, असंही दुकानदार म्हणाला.

येतात, पण राउटरमध्ये पोर्ट उघडून नव्हे. संगणक म्हटला की त्याच्यावर हल्ला होऊ शकतो. पेन ड्राइव्हवर खिशात असताना होत नाही. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने इंटरनेटवर थेट उघडे असलेले क्यूनॅप कंपनीचे नॅस शोधून त्यांच्या फाइली कुलूपबंद केल्या आणि बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली. मालकाने कुठलीही लिंक दाबली नव्हती. डबा इंटरनेटवरून सापडत होता आणि त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये भोक होतं, एवढं पुरलं.

म्हणून बाहेरून बघायचं असेल तर व्हीपीएन वापरा. `admin` नावाचं मूळ खातं बंद करा, अपडेट वेळेवर घाला, राउटरमधलं यूपीएनपी बंद ठेवा. आणि तिघांना तीन खाती द्या : अल्बमवाल्याला फोटो लिहिण्याची मुभा, काउंटरला फक्त वाचण्याची. मग काउंटरच्या संगणकात काही शिरलं तरी त्याला फोटो बदलता येत नाहीत. ही मुभा वाटण्याची सोय पेन ड्राइव्हमध्ये नाही; ज्याच्या हातात तो, त्याला सगळं.

प्रश्न : मग घेऊ की नको?

एकाच संगणकावर काम असेल आणि मजकूर एका-दोन टीबीत मावत असेल, तर दोन चांगल्या हार्ड डिस्क घ्या. एक कामाची, एक घरी. नॅसचा खर्च आणि देखभाल त्या कामाला जास्त होते.

तुमचा हिशेब वेगळा आहे. संगणक तीन, हंगामाला २५ लग्नं धरली तर सहा टीबी, आणि कोणती फाइल नवी नि कोणती जुनी यात रोज जाणारा वेळ. इथे नॅस घ्या, पण किमतीत नुसता डबा धरू नका. नॅससाठीच्या दोन आठ टीबी डिस्क, गिगाबिट स्विच, डेटा पोर्टवाला यूपीएस आणि बाहेरच्या प्रतीसाठी एक मोठी हार्ड डिस्क, एवढं एकत्र धरून आकडा काढा. तो आकडा झेपत नसेल, तर यादीतून बाहेरच्या प्रतीची डिस्क आणि यूपीएस कापू नका. नॅसच एक हंगाम पुढे ढकला.